चढावर ४० मीटर का येत नाहीत?

प्रतिक्रिया: "सर, तुमचं २६.६७ मीटर हे उत्तर चुकलंय. ३०° च्या चढावर, चढाशी ३०° कोन करून २० मी/से वेगाने फेकलं तर चढाच्या दिशेचा वेग १७.३२ आणि वेळ २.३१ सेकंद. गुणाकार ४० मीटर. हवेचा विरोध धरलेलाच नाही, मग वेग कमी करतंय कोण?" (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: तुमची वेळ बरोबर, १७.३२ सुद्धा बरोबर. पण तो वेग फक्त सुटतानाचा आहे, आणि वेग कमी करतंय ते गुरुत्वाकर्षणच.

आडवा वेग कायम राहतो, कारण g सरळ खाली असतं आणि आडव्या दिशेला त्याचा काहीच भाग येत नाही. तुम्ही मात्र अक्ष चढासोबत तिरके केलेत. मग g दोन्ही अक्षांवर वाटलं जातं: चढाला लंब g cos 30° आणि चढावरून पायथ्याकडे g sin 30°. वेळ काढताना तुम्ही पहिला भाग घेतलात, म्हणून तर छेदात ८.६६ आले. दुसरा राहून गेला. g = १० धरलं तर तो ५ मी/से² आहे:

R = 17.32 × 2.309 − ½ × 5 × 2.309² = 40 − 13.33 = 26.67

पडताळा अक्ष न फिरवता करून बघा. क्षितिजाशी कोन ६०°, म्हणजे आडवा वेग १०. तेवढ्या वेळात आडवं अंतर २३.०९ मीटर. ते cos 30° ने भागलं की चढावरचं अंतर मिळतं, २६.६७ मीटरच.

आता तुमच्या ४० कडे नीट बघा. याच वेगाने सपाट जमिनीवरचा सर्वात मोठा पल्ला u²/g, तोही ४० मीटर. चढावर तेवढाच पल्ला आला की तिथेच शंका यायला हवी. त्याच उतारावरून खाली फेकून बघा, क्षितिजाच्या वर ३०°, म्हणजे उताराशी ६०°. वेळ ४ सेकंद, उताराच्या दिशेचा वेग १०, तुमच्या रीतीने पुन्हा ४० मीटर! खरं उत्तर ८० आहे, कारण इथे g sin 30° मदतीला येतं आणि ½ × 5 × 16 = 40 मीटर वाढतात. तुमच्या रीतीला चढ आणि उतार यांतला फरकच कळत नाही. सोलापूरचा किल्ला भुईकोट, तिथल्या तोफेला सपाट जमिनीचं सूत्र चालेल; डोंगरी किल्ल्याच्या उतारावर नाही.

आणखी एक. तुम्ही घेतलेला कोन या चढासाठी नेमका सर्वात जास्त पल्ल्याचा आहे: चढ आणि उभी रेषा यांच्यातला ६०° चा कोन तो बरोबर दुभागतो. सवयीने क्षितिजाशी ४५° घेतले असते, तर याच वेगाने चढावर जेमतेम १९.५ मीटर मिळाले असते.