मेडिकलच्या काउंटरवरचं ते पोस्टर वाचायचं नसतं

मेडिकलच्या काउंटरला काचेमागे एक पोस्टर लावलेलं असतं बघा, सर्दीच्या गोळ्या आणि सिरप घरात सुरक्षितपणे कसे वापरावेत वगैरे, आणि त्याच्या बरोब्बर पुढे आवळा कँडीची बरणी आणि पैसे स्कॅन करायचा स्टँड ठेवलेला असतो, त्यामुळे "एकाच वेळी दोन..." एवढंच वाचता येतं. दोन काय ते कळायला बरणी सरकवावी लागेल. अजिबात सरकवू नका. मागे लाईन लागलेली असते, तुम्हाला सुटे द्यायचे असतात, आणि आपल्या घरात सर्दीची औषधं घ्यायची एक चांगली बसलेली पद्धत आहे ती उगाच कशाला बिघडवायची.

पद्धतीचा पहिला नियम असा की जितकी दुखणी तितक्या गोळ्या. नाक गळतंय, सर्दीची गोळी. अंग गरम लागतंय, तापाची गोळी. पाठ आणि पाय मोडून आलेत, अंगदुखीची गोळी. प्रत्येकाला आपापलं खातं, सरकारी ऑफिससारखं. आता पोस्टरवाले म्हणतात की स्ट्रिपच्या मागे काय काय घातलंय ते वाचा, कारण सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये नाक मोकळं करायचं आणि शिंका थांबवायचं औषध असतंच पण सोबत 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल पण असतं. तापाची म्हणून जी गोळी आणतो ती तर अख्खीच पॅरासिटामॉल, हल्ली घरोघरी 650 ची. आणि अंगदुखीची जी जोडगोळी मिळते त्यात एका दुखण्याच्या औषधाबरोबर परत 325 पॅरासिटामॉल. म्हणजे तीन खाती वेगळी पण साहेब एकच.

घरातल्या बाबांचा एक दिवस घेऊ. सर्दीची गोळी दिवसातून 4 वेळा, झाले 2000. तापाची 3 वेळा, 1950. अंगदुखीची सकाळ संध्याकाळ, 650. एकूण 4600. धडधाकट मोठ्या माणसाला 24 तासांत 4000 च्या वर जायचं नाही असं सांगतात, आणि वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजची घ्यायची सवय असेल तर त्याहून बरंच कमी. आता एका दिवसात 4600 झाले म्हणून तगड्या माणसाला लगेच काही होईलच असं नाही, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच एका दिवसावर थांबू नका. व्हायरल चार दिवस चालतंच, तोंडाला चव नाही म्हणून जेवण सोडा, आणि रात्री "सर्दीला ब्रँडी चांगली असते" हे घरातल्या जाणकार काकांचं ऐका. उपाशी पोट, दारू आणि रोज वरचं पॅरासिटामॉल, हे तिन्ही एकत्र आले की लिव्हरला खरी संधी मिळते.

आणि याची गंमत म्हणजे लगेच कळत नाही. पहिल्या दिवशी काहीच वाटत नाही किंवा थोडं मळमळतं, उलटी होते, आपण म्हणतो व्हायरलच आहे. कधी कधी तर मधे बरंच वाटतं. मग एक दोन दिवसांनी उजव्या बरगडीखाली दुखायला लागतं, लघवी गडद होते, डोळे पिवळे दिसतात. याच्यावर उतारा आहे, हॉस्पिटलमध्ये देतात, पण तो जितका लवकर मिळेल तितका कामाचा. म्हणून पोस्टर म्हणतं जास्त गोळ्या गेल्यात असं कळलं तर त्रास व्हायची वाट बघू नका, लगेच जा. तुम्ही मात्र वाट बघा, रविवारी कोण जातं.

बरं, समजा तुम्हाला वाचायची हुक्की आलीच, तर त्याचा बंदोबस्त आधीच झालेला असतो. आपण काउंटरवर सांगतो "दादा दोनच द्या", दादा कात्रीने स्ट्रिप कापतो, नाव एका तुकड्यावर राहतं, एक्स्पायरी दुसऱ्या. आपला तुकडा घरी येऊन स्टीलच्या डब्यात पडतो, त्याच्यासारख्याच चांदीच्या रंगाच्या बाकी तुकड्यांमध्ये. सहा महिन्यांनी कोणीतरी शिंकतं आणि डबा उघडतो.

आता बाळाचं. इथे तर पोस्टर फारच अडवणूक करतं, म्हणे बाटली बदलली की डोस परत विचारा. कशाला? औषधाचं नाव तेच, चित्र तेच, रंग पण तोच. आता आतला माल वेगळा असतो ही बारीकशी गोष्ट आहे. तान्ह्यांच्या ड्रॉपरवाल्या बाटलीत साधारण 1 मिलीत 100 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, साध्या सिरपमध्ये 5 मिलीत 120 किंवा 125, आणि डबल ताकदीच्या सिरपमध्ये 5 मिलीत 250. दहा किलोच्या बाळाला एका वेळी 100 ते 150 मिलिग्रॅम लागतं. 150 धरलं तर ड्रॉप्सचे दीड मिली, साध्या सिरपचे सहा मिली, डबलवाल्याचे तीन.

म्हणून असं करा. ड्रॉप्स संपले की साधं सिरप आणा आणि सवयीने दीड मिलीच पाजा. पोटात जाईल 36, ताप ढिम्म हलणार नाही, मग मावशी म्हणेल हे औषध याला लागूच पडत नाही, डॉक्टर बदला. डॉक्टर बदला. किंवा उलटं करा, मोठ्या भावाला सिरप चमचाभर देतो ना, तेवढंच चमचाभर छोट्याला ड्रॉप्सच्या बाटलीतून द्या. 5 मिली म्हणजे थेट 500. दिवसातून चारदा दिलं की 2000, दहा किलोच्या जिवाला, आणि हे खरंच लिव्हर घालवणारं प्रमाण आहे. चमचा अर्थातच घरातला. बाटलीवर रेघा असलेलं झाकण असतं पण ते धुवायचा कंटाळा, आणि आपल्या पोह्याच्या चमच्यात किती मावतं हे कोणी मोजलंय. डॉक्टरांनी बाळाचं वजन विचारलं तर वय सांगा, तेवढं पुरतं.

सर्दीच्या सिरपच्या खोक्यावर आता 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असंही छापतात, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेल्या औषधांवर हे लिहायला 2023 च्या शेवटी केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सांगितलं. पण खोकं आपण कुठे ठेवतो. ते काउंटरवरच फाडून टाकायचं, बॅगेत मावत नाही. शिवाय त्याने मूल छान झोपतं, आणि मूल झोपलं म्हणजे बरं झालं असं आपल्यात धरतात.

आजोबांना पण तीच सर्दीची गोळी द्या. बीपीची गोळी चालू आहे, प्रोस्टेटमुळे लघवीला आधीच वेळ लागतो, हे काउंटरवर सांगायची काय गरज, सर्दीचा आणि लघवीचा काय संबंध. त्यातल्या शिंकांच्या औषधाने लघवी अडू शकते आणि नाकाच्या औषधाने बीपी चढू शकतं, पण त्यांचं नाक तर मोकळं झालं ना (झालंच तर).

आणि एवढं करूनही हॉस्पिटलात जायची वेळ आलीच, आणि तिथल्या डॉक्टरांनी विचारलं की घरी काय काय घेतलं होतं, किती वाजता, तर तो डबा किंवा स्ट्रिपचे तुकडे बरोबर नेऊ नका. ताठ मानेने सांगा, काही नाही हो डॉक्टर, साधी सर्दीची गोळी. कुठली विचारलं तर पांढरी. पांढऱ्यातली कुठली विचारलं तर मधे रेघ असलेली.