जुना सीएनसी लेथ आत्ता विकावा की अजून चालवावा: एका प्रतिक्रियेला उत्तर

जुना लेथ विकून नवा घेण्याचा हिशेब मी आधी मांडला होता. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: “तुमचा हिशेब कागदावर ठीक आहे. माझा लेथ 2017 साली 22 लाखांना घेतला. पुस्तकात आज त्याची किंमत 6 लाख आहे आणि दलाल 5 लाख देतो, म्हणजे विकल्याबरोबर 1 लाखाचा तोटा. देखभालीला वर्षाला दीड लाख जातात, तर नव्या मशीनचा हप्ताच महिन्याला 53 हजार. भोसरीत जॉबवर्क करणाऱ्या माणसाने हे का करावे, हे तुम्ही सांगितलेच नाही.”

आपण आकडे दिलेत म्हणून उत्तरही आकड्यांनीच देता येते. त्याबद्दल मनापासून आभार. या वर्षी लेथ विकू नये, हा आपला निर्णय माझ्या हिशेबानेही बरोबर ठरतो. मात्र त्यासाठी आपण दिलेली दोन्ही कारणे मला मान्य नाहीत, आणि त्याच कारणांवर पुढच्या वर्षीचा निर्णय घेतला तर तो चुकण्याची मोठी शक्यता आहे.

प्रथम तो 1 लाखाचा तोटा. आपल्या प्राप्तिकर कायद्यात घसारा एकेका मशीनवर मोजला जात नाही. 15 टक्के दराची सगळी यंत्रसामग्री एका ब्लॉकमध्ये असते, आणि मशीन विकले की विक्रीची रक्कम त्या ब्लॉकमधून वजा होते. आपले 5 लाख वजा झाल्यावर उरलेला 1 लाख ब्लॉकमध्येच राहतो आणि त्यावर पुढेही दरवर्षी घसारा मिळत राहतो. ब्लॉक पूर्ण रिकामा झाला, किंवा विक्रीची रक्कम ब्लॉकपेक्षा जास्त झाली, तरच त्या वर्षी अल्पकालीन भांडवली नफा-तोट्याचा प्रश्न येतो. त्याच वर्षी नवे मशीन ब्लॉकमध्ये येणार असेल तर ती वेळ सहसा येत नाही. म्हणून पुस्तकातली 6 लाख ही किंमत या निर्णयात कुठेच येत नाही. ती 6 लाख असो वा 2 लाख, ब्लॉकमधून 5 लाखच कमी होणार.

कराचा खरा परिणाम वेगळ्या ठिकाणी होतो. ब्लॉकमधून 5 लाख गेले की तेवढ्यावरचा पुढचा घसारा गेला. आपली भागीदारी संस्था आहे आणि कर 30 टक्के आहे असे धरू (अधिभार व उपकर सोडून). कर्ज 12 टक्क्यांनी मिळते, म्हणजे करबचत वजा जाता पैशाची किंमत 8.4 टक्के होते. या दरांनी गमावलेल्या करबचतीचे आजचे मूल्य दर रुपयामागे 19 पैसे निघते. त्यामुळे दलालाचे 5 लाख आपल्याला साधारण 4 लाख 4 हजारांचे पडतात. ते 5 लाख जीएसटी वगळून आहेत का, हेही त्याला आधी विचारावे. त्यातूनच 18 टक्के भरायचे असतील तर हातात सुमारे 4 लाख 24 हजारच उरतात आणि सगळा हिशेब बदलतो.

आता जुना लेथ आणखी एक वर्ष ठेवण्याचा खर्च पाहू. वर्षाने त्याला 4 लाख 20 हजार येतील असे मी धरतो. आज न मिळालेल्या पैशावरचे व्याज आणि किमतीतली घट मिळून, कराचा परिणाम धरून, 99 हजार होतात. दीड लाखाची देखभाल करबचतीनंतर 1 लाख 5 हजारांना पडते. आपण मोजलेला नाही असा एक खर्च म्हणजे बंद पडलेले तास. ते वर्षाला 120 आणि प्रत्येक तासाला गमावलेली मिळकत 350 रुपये धरली, तर करानंतर 29 हजार होतात. एकूण 2 लाख 33 हजार.

याची तुलना नव्या मशीनच्या हप्त्याशी नव्हे, तर त्याच्या वार्षिक खर्चाशी करावी लागते. हप्त्यातला मुद्दलाचा भाग हा खर्च नसतो. शिवाय हप्ते 5 वर्षांत संपतात आणि मशीन त्यानंतरही काम करते. जीएसटी वगळून 24 लाखांचे मशीन, 8 वर्षांचा वापर आणि शेवटी 7 लाखांची विक्री धरली, तर घसाऱ्याची करबचत वजा करून भांडवलाचा वार्षिक भार 2 लाख 82 हजार येतो. 60 हजारांची देखभाल करानंतर 42 हजार धरून एकूण 3 लाख 24 हजार होतात. यात पहिल्या वर्षीचा 20 टक्के अतिरिक्त घसारा धरला आहे. तो उत्पादन करणाऱ्याला मिळतो, पण कमी दराची नवी करव्यवस्था घेतलेल्याला मिळत नाही. दरमहा 53 हजार वेळेवर निघतील का, हा रोकडीचा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे. ते निघत नसतील तर मशीन घेऊ नये, पण तेवढ्यावरून जुने मशीन स्वस्त पडते असे सिद्ध होत नाही.

म्हणजे या वर्षी जुने मशीन सुमारे 91 हजारांनी स्वस्त आहे. खरी अडचण पुढच्या वर्षी आहे. दोन पाळ्या चाललेल्या लेथमध्ये या वयात बॉलस्क्रू आणि स्पिंडलचे बेअरिंग बदलण्याची वेळ येते. देखभाल 3 लाख आणि बंद तास 200 धरले, आणि वर्षअखेर किंमत साडेतीन लाखांवर आली, तर त्या एका वर्षाचा खर्च 3 लाख 44 हजार होतो. तो नव्या मशीनपेक्षा जास्त आहे, पण एवढ्यावर लगेच विकायचे ठरवणेही योग्य नाही. मोठ्या दुरुस्तीचा उपयोग एका वर्षात संपत नाही. त्यानंतरच्या वर्षी देखभाल 1 लाख 80 हजार आणि बंद तास 140 राहिले, आणि लेथला वर्षाने 3 लाख येणार असतील, तर खर्च 2 लाख 24 हजारांवर येतो. दोन वर्षांची सरासरी सुमारे 2 लाख 84 हजार पडते आणि दुरुस्ती परवडते. ती एकच वर्ष टिकली तर परवडत नाही.

म्हणून सगळा निर्णय दुरुस्ती दोन वर्षे टिकेल का यावर येतो, आणि ते दुरुस्तीच्या आधीच बऱ्याच अंशी कळू शकते. डायल लावून एक्स अक्षाचा बॅकलॅश आणि स्पिंडलचा रनआउट मोजावा आणि दर महिन्याला लिहून ठेवावा. मापाचा फरक फक्त सकाळच्या पहिल्या तासात पडत असेल तर तो बहुधा मशीन गरम होण्याचा परिणाम असतो. दिवसभर काही नगांनंतर पुन्हा पुन्हा ऑफसेट द्यावा लागत असेल तर झीज आहे. बॅकलॅश वाढला असेल तर नवा बॉलस्क्रू किंवा बेअरिंग तो दोष काढतात. लांब नगावर टेपर येत असेल तर आधी लेव्हल आणि टेलस्टॉक तपासावे. दोन्ही ठीक असूनही टेपर राहिला, तर संशय स्लाइडवेच्या झिजेवर जातो, आणि तिथे स्क्रूवर घातलेले पैसे वाया जातात. कंट्रोलरचे ड्राइव्ह आणि कार्ड आता फक्त जुन्या बाजारात मिळत असतील, तर बंद तासांचा माझा अंदाज फार कमी ठरेल. अशा वेळी मी मोठी दुरुस्ती करणार नाही.

आपल्या लेथवर ही मोजणी पुढच्या उन्हाळ्याच्या आत व्हावी, असे मला वाटते. नवे मशीन घ्यायचेच ठरले तर ते ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांपर्यंत चालू झालेले असावे. त्या आर्थिक वर्षात वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो आणि अतिरिक्त घसाऱ्याचा राहिलेला भाग पुढच्या वर्षावर जातो. मशीन मागवल्यापासून येऊन, बसवून, पहिला नग पास होईपर्यंत लागणारा वेळ पुरवठादाराकडून लेखी घ्यावा आणि मागणीची तारीख त्यावरून मागे मोजून ठरवावी.