बल्बच्या तक्रारीबाबत आमचे उत्तर

ग्राहकांचा अभिप्राय: “दोन महिन्यांत चार एलईडी बल्ब गेले. दुकानात गेलं की नवीन बल्ब हातात देतात, कारण कोणी सांगत नाही. घरातले दिवे मध्येच मंद होतात, मध्येच भगभगतात. माल हलका आहे.”

सप्रेम नमस्कार. आपण दुसऱ्यांदा बल्ब घेऊन आलात तेव्हाच काउंटरवर आपल्याला दिव्यांबद्दल विचारायला हवे होते. ते विचारले नाही, ही चूक आमचीच आहे. आपण परत केलेले चारही बल्ब मी स्वतः उघडून पाहिले. एलईडीची चकती चारही बल्बांत स्वच्छ होती, मात्र मागच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर डोके वर काढून फुगलेला होता, आणि त्यामुळे मला जास्त व्होल्टेजचा संशय आला.

कोपरीतील आपल्या घरी थ्री फेज मीटर आहे. शनिवारी आमच्या वायरमनने व्होल्टमीटर लावून पाहिले तेव्हा तिन्ही फेजवर न्यूट्रलशी साधारण २३० व्होल्ट मिळत होते, पण गीझर सुरू करताच त्याच्या फेजवर १८० आणि उरलेल्या दोन फेजवर २६० झाले. फेज ते फेज मात्र ४०० व्होल्ट स्थिर राहिले, म्हणजे पुरवठा नीट होता आणि न्यूट्रल ढिला होता. न्यूट्रल घट्ट असतो तेव्हा प्रत्येक फेजचा भार त्याच्यावरून परत जातो. तो ढिला पडला की फेज एकमेकांशी सिरीजमध्ये येऊ लागतात, जास्त भाराच्या फेजवर व्होल्टेज उतरते आणि हलक्या भाराच्या फेजवर चढते. आपल्या देवघरातला जुना झिरोचा बल्ब गीझर लावताच पांढुरका होत होता, त्याचे कारण हेच. न्यूट्रल पूर्णच तुटला तर हलक्या फेजवर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो, आणि मग टीव्ही, फ्रिजसुद्धा जातात. एमसीबी यात पडत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसतो.

मेन स्विचच्या न्यूट्रल टर्मिनलमधला स्क्रू सैल झाला होता आणि वायरचे इन्सुलेशन तपकिरी, कडक झाले होते. तिन्ही फेज बंद करून वायरचे जळके टोक कापले, टर्मिनल बदलले, स्क्रू आवळला. त्यानंतर गीझर चालू असताना तिन्ही फेज २२६ ते २३२ च्या दरम्यान राहिले.

मीटरच्या आधीच्या सीलबंद भागाला आम्ही हात लावलेला नाही, कारण तो वीज कंपनीचाच अधिकार आहे. दिवे पुन्हा तसेच करू लागले, तर आधी मेन स्विच बंद करावा, वीज कंपनीकडे “न्यूट्रल ढिला” असे स्पष्ट शब्दांत कळवावे आणि मगच आम्हाला बोलवावे. चारही बल्ब आम्ही विनाशुल्क बदलून देत आहोत.