आमच्या झुंबराला चार डोळे आणि चारी लुकलुकते

आमच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या हॉलमध्ये आप्पांनी हौसेनं लावलेलं चार बल्बचं झुंबर हाय आणि भिंतीवर त्याचं गोल बटण, म्हणजे डिमर. ते फिरवून उजेड कमीजास्त करायचा मान घरात फक्त आप्पांचा. पाहुणे आले की फुल्ल, बातम्या लागल्या की निम्मा, आणि पाहुणे लवकर उठत नसले की हळूहळू अगदी बारीक. पाहुण्यांना बरोबर कळायचं.

लाईटबिल बघून मी जुने ६० वॅटचे चार पिवळे बल्ब काढले आणि ९ वॅटचे चार एलईडी लावले. इथंच माझं चुकलं. संध्याकाळी आप्पांनी बटण फिरवलं आणि हॉलमध्ये गणपतीच्या मिरवणुकीतली लाईट चालू झाली, फक्त डॉल्बी नव्हता. तोही नव्हता असं कसं म्हणू, एक बल्ब भुंग्यासारखा गुणगुणत होता.

"डोळं मिचकावालंय की रे हे," आप्पा म्हणाले.

शेजारच्या काकूंनी लगेच नजर लागल्याचं निदान केलं, समोरच्या काकांनी व्होल्टेजवर ढकललं. मी त्यातलाच एक बल्ब काढून स्वयंपाकघरात लावला तर तिथं तो एकदम शहाण्यासारखा जळत बसला. म्हणजे व्होल्टेजही बरं आणि बल्बही बरा, बिघाड फक्त दोघांची गाठ त्या गोल बटणाशी पडली की होतोय. एवढं कळल्यावर मी थांबून विचार करायला पाहिजे होता, पण मी लक्ष्मीपुरीत गेलो.

दुकानदारानं बल्बचं खोकं उलटं करून मुंगीच्या अक्षरातली ओळ दाखवली, हा डिमरवर चालवू नये. म्हटलं मग चालणारा द्या. त्यानं डिमेबल म्हणून चार बल्ब दिले, किंमत ऐकून मी दोनदा विचारलं. घरी लावले तर बटण फुल्ल असताना झकास, निम्म्यावर आणलं की थरथर, आणि बारीक केलं की परत मिरवणूक. बायको काही बोलली नाही, नुसती बिलाकडं बघितली. बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी वायरमन मामांना बोलावलं. मामांनी आधी मेन स्विच पाडला (मी आदल्या दिवशी तसाच पेचकस घेऊन उभा होतो हे सांगितलं नाही), टेस्टरनं खात्री केली, प्लेट खोलून डिमर बाहेर ओढला आणि मोबाईलच्या टॉर्चनं त्याची पाठ वाचली. तिथं लिहिलेलं, ६० ते ४०० वॅट. सगळेजण ४०० च्या पुढं जायचं नाही एवढंच बघतात, मामांनी बोट ६० वर ठेवलं.

"पैला लोड किती हुता?"

"चार साठ, दोनशे चाळीस."

"आणि आता?"

"चार नव्वं छत्तीस."

"मग? उसानं भरल्याली ट्रॉली गप जाती का न्हाई? तीच रिकामी परत येताना बघा कशी उड्या मारती. बल्बात काय न्हाई वो, डिमरला काम कमी पडालंय."

आप्पा रिटायर झाल्यापासून घरात जे चाललंय तेच हे, पण मी तोंड उघडलं नाही.

मामांनी मग मला पुराव्यासकट दाखवलं. माळ्यावरचा एक जुना ६० चा बल्ब मागितला, एक एलईडी काढून त्या जागी तो लावला आणि मेन चालू केला. बटण पार खालपर्यंत फिरवलं तरी तिन्ही एलईडी गप! तीन नव्वे सत्तावीस आणि साठ, सत्त्याऐंशी वॅट, ट्रॉली भरली. बल्ब, वायर, होल्डर सगळं तेच, नुसतं वजन वाढवलं.

असं का होतं हे मला नंतर नीट कळलं. मला वाटायचं डिमर म्हणजे नळ, फिरवला की करंट बारीक येतो. तसं नसतंय. आतला ट्रायॅक म्हणजे एक दार असतं, आणि आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो तेव्हा हे दार प्रत्येक वेळी आपोआप मिटतं. डिमर ते परत ढकलून उघडतो, बटण जेवढं खाली तेवढं उशिरा. पण उघडलेलं दार उघडं राहायला त्यातनं माणसं वाहत राहायला लागतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गर्दीच्या रेट्यात दार मिटणार कसं? जुने बल्ब म्हणजे ती गर्दी, शून्याच्या जवळ येईपर्यंत रेटा चालूच. एलईडीच्या पोटातलं सर्किट मात्र थोडा करंट घेतं, तोही घोटभर घेऊन गप बसतं, म्हणजे दुपारी तीनला दोन म्हाताऱ्या आत गेल्यासारखं. दार मध्येच मिटतं, परत उघडतं, एकदा लवकर मिटतं एकदा उशिरा, आणि तेच आपल्याला लुकलुक म्हणून दिसतं. डिमेबल बल्बात दार धरून ठेवायची थोडी सोय असते म्हणून ते फुल्लवर सुधारले, पण ३६ वॅटात मिळून किती रेटा देणार?

आणि तार होती तेव्हा असली बारीकसारीक गडबड झालीच तरी दिसायची नाही, कारण तापलेली तार म्हणजे भाकरीचा तवा, गॅस क्षणभर गेला तरी तो थोडाच गार होतोय. एलईडी मात्र लगेच चुगली करते.

आठवडाभर आम्ही तीन पांढरे आणि एक पिवळा असेच राहिलो. झुंबर सोन्याचा दात बसवल्यासारखं दिसायचं. शिवाय वाचवलेल्या विजेतला बराच भाग तो एकटा पिवळा खायचा, त्यामुळं हा उपाय निदानापुरताच. मग मामांनी एलईडीसाठीचा डिमर आणला. तो प्रत्येक लाटेचं डोकं न कापता शेपूट कापतो, आणि त्यातलं दार गर्दीच्या रेट्यावर उघडं राहत नाही, सर्किट स्वतः धरून ठेवतं. डिमेबल बल्ब मात्र लागतातच, म्हणजे माझं ते बिल वाया गेलं नाही, हे मी घरात तीनदा सांगितलं.

नवीन लावल्यावरही अगदी तळाला जरा थरथर राहिली. मामांनी बटणाची टोपी काढली, आत एक पिटुकला स्क्रू होता. बटण पार खाली ठेवायचं आणि थरथर जाईपर्यंत तो स्क्रू हळूहळू फिरवायचा, म्हणजे उजेड त्याच्या खाली जातच नाही. सगळ्या डिमरला तो नसतो, आमच्याला होता म्हणून सुटलो. पहिले ते बिनडिमरचे चार बल्ब आता स्वयंपाकघर, बाथरूम आणि जिन्यात सुखानं नांदतात.

रात्री बातम्या लागल्या. आप्पांनी बटण निम्म्यावर आणलं, एकही बल्ब हलला नाही. मी कौतुकाची वाट बघत बसलो. आप्पा बराच वेळ वर बघत होते.

"कमी केला की पिवळा व्हायचा की रे पैला. तांबूस. ह्यो नुसताच मेंगळट पांढरा व्हायलाय."

म्हटलं, आप्पा, तार गार होत जायची तशी तांबूस व्हायची. ह्यात तार नाही, रंग आहे तोच राहतो. कमी केल्यावर पिवळे होणारे एलईडी वेगळे मिळतात.

"मग आण की ते."

बायको रिमोट शोधायला म्हणून आत निघून गेली. रिमोट टीपॉयवरच होता.