कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीच्या गाडीचा क्लेम गेलाच, असं कुणी सांगितलं?

एक मेसेज फिरतोय: "गाडी चोरीला गेली आणि ४८ तासांत विमा कंपनीला कळवलं नाही तर क्लेम गेला म्हणून समजा. पोलिसात एफआयआर असली तरी काही उपयोग नाही, सुप्रीम कोर्टानेच तसं सांगितलंय. उशीर झालाच असेल तर चोरीची तारीख पुढची टाका, कोण बघतंय! सगळ्या ग्रुपवर पाठवा."

आधी ते ४८ तासांचं बघू. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत अटींमधली पहिलीच अट कळवण्याबद्दलची असते, आणि तिच्यात तासांचा आकडा नसतो, "ताबडतोब" एवढंच असतं. काही कंपन्या क्लेम फॉर्मवर किंवा वेबसाईटवर २४ नाहीतर ४८ तास लिहितात म्हणून आपली पॉलिसी एकदा काढून वाचाच, पण त्या अटीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नुकसान झालं तर कंपनीला लगेच लेखी कळवा ही एक, आणि चोरी झाली तर लगेच पोलिसांना कळवा ही दुसरी.

कंपनीला घाई का असते याला खरं कारण आहे, सगळंच नाटक नसतं. ॲक्सिडेंटमध्ये गाडी गॅरेजला जाऊन पत्रा सरळ होण्याआधी सर्व्हेयरला डॅमेज बघायचं असतं, नंतर नवं-जुनं काहीच सांगता येत नाही. म्हणून ॲक्सिडेंटमध्ये उशीर खरंच महागात पडतो, आणि उशीर झालाच असेल तर निदान सर्व्हेशिवाय गाडी दुरुस्तीला खोलू नका. चोरीत कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर दोन्ही चाव्या मागतो, वॉचमनशी बोलतो, सीसीटीव्ही शोधतो, आणि ते फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. हे सगळं मान्य. पण उशिराच्या नावाखाली क्लेम नाकारणं सगळ्यात सोपंही असतं, दोन तारखांची वजाबाकी केली की पत्र तयार, त्यामुळे क्लेम खरा असला तरी तेच कारण पुढे येतं.

सुप्रीम कोर्टाचं म्हणाल तर मेसेज अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवा आहे. २०१० मध्ये परवेश चंदर चड्ढा प्रकरणात कोर्टाने खरंच कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता, एफआयआर वेळेत होती पण कंपनीला चार महिन्यांनी कळवलं होतं. मग २०१७ मध्ये ओम प्रकाश प्रकरण आलं. ट्रक चोरीला गेला, दुसऱ्याच दिवशी एफआयआर झाली, कंपनीला आठेक दिवसांनी कळवलं कारण मालक पोलिसांबरोबर ट्रक शोधत होता. तिथे कोर्टाने सांगितलं की उशिराला समाधानकारक कारण असेल तर खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारता येत नाही. दोन निकाल दोन दिशांना, म्हणून विषय तीन न्यायाधीशांपुढे गेला आणि जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात निकाल लागला. ट्रॅक्टर चोरीला गेला त्याच दिवशी एफआयआर, कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलेलं, तरी क्लेम मंजूर. २०२२ च्या जैना कन्स्ट्रक्शनच्या केसमध्ये तर कंपनीला पाच महिन्यांनी कळवलं होतं, तिथेही गाडीमालकाच्याच बाजूने निकाल झाला.

म्हणजे एफआयआर बिनकामाची तर नाहीच, उलट सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे! कोर्टाचा तर्क साधा आहे, गाडी शोधायची ती पोलिसांनी, आणि तपासात चोरी खरी निघाल्यावर कंपनीला कधी कळवलं याला फार वजन उरत नाही. आता याचीच दुसरी बाजू, एफआयआरलाही उशीर असेल तर हे निकाल तुम्हाला तेवढे तारणार नाहीत, मग त्या उशिराचाही हिशोब द्यावा लागतो. "दोन दिवस शोधा, मग या" असं चौकीत बऱ्याचदा ऐकायला मिळतं. तेव्हा तसंच परत येऊ नका, ११२ ला फोन करा म्हणजे वेळेची नोंद राहते, लेखी अर्ज देऊन कॉपीवर आवक शिक्का मागा, नाहीच घेतला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पाठवा.

तारीख पुढची टाका हा सल्ला ज्याने लिहिला त्याला हात जोडावेत. फास्टॅगमध्ये चोरीच्या रात्रीचा टोल पडलेला असतो, तुमच्या फोनमध्ये ११२ चा कॉल असतो, सोसायटीच्या रजिस्टरला नोंद असते. उशीर माफ होऊ शकतो पण खोटी माहिती दिल्यावर चांगला क्लेमही जातो, वर पोलिसांना खोटी खबर दिल्याचं प्रकरण वेगळं.

मग उशिराचं कारण मांडायचं कसं? समजा चाकणहून एक पिकअप १० जूनच्या रात्री गेली. ११ ला सकाळी ११२ ला फोन, चौकीत अर्ज, १३ ला एफआयआर, आणि कंपनीला मेल गेला २४ ला. बहुतेक लोक इथे "घरगुती अडचणीमुळे उशीर झाला" असं एक वाक्य लिहितात आणि तिथेच फसतात. त्यापेक्षा असं लिहा: "११ ते १३ जून एफआयआर नोंदवून घेण्यात गेले, अर्जाची शिक्क्याची प्रत जोडली आहे. १४ ते १६ पोलिसांबरोबर शोध घेत होतो, तपास अधिकाऱ्याचं नाव एफआयआरवर आहे. १७ ते २३ वडील आयसीयूत होते, डिस्चार्ज कार्ड जोडलं आहे. २४ ला कळवलं." एकही दिवस मोकळा सोडायचा नाही आणि प्रत्येक दिवसामागे कागद हवा, कागद नसलेले दिवस तसंच खरं सांगा, कारण रचू नका. "नियम माहीत नव्हता" हे कारण लंगडंच. "एजंटला सांगितलं होतं" हे चालू शकतं, पण व्हॉट्सॲप मेसेज किंवा कॉल लॉगचा स्क्रीनशॉट असेल तरच, कारण एजंट नंतर ओळख दाखवेलच असं नाही.

त्याच पत्रात विमा नियामक आयआरडीएआयच्या २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाचा उल्लेख करा. त्यात कंपन्यांना सांगितलंय की टाळता न येणाऱ्या कारणाने झालेल्या उशिरावरून क्लेम सरसकट नाकारू नका, वेळेत कळवलं असतं तरी तो नाकारलाच गेला असता असं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून कंपनीला सरळ विचारा, मी ११ जूनलाच कळवलं असतं तर तुम्ही नेमकं काय वेगळं केलं असतं? चाव्या दोन्ही आहेत, एफआयआर आहे, पोलिसांचा गाडी सापडत नसल्याचा अंतिम अहवाल येईल तो देतो. याला उत्तर देणं त्यांना जड जातं.

तरीही नकार आला तर नकाराचं पत्र नीट वाचा आणि जपून ठेवा. त्यात उशिराचा उल्लेखच नसेल तर पुढे केस लागल्यावर कंपनीला तो नव्याने काढता येत नाही, २०१६ च्या गलाडा पॉवर निकालात हे आलंय. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, आपल्यासाठी मुंबई आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, पण नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगासाठी दोन वर्षं मिळतात. आणि हो, क्लेम नाकारताना होते तशी इथेही तारखांचीच वजाबाकी होते, तेव्हा ही मुदत चुकवू नका.