पैसे आधी, माहिती शेवटी: नाशिकच्या वाचकाला उत्तर

प्रतिक्रिया: "लेख वाचला. 'एकाच मेलमध्ये खातं बंद करा, शिल्लक परत मागा, माहिती पुसायला सांगा' हे लिहायला सोपं आहे. मी अगदी तसाच मेल केला. दुसऱ्या दिवशी लॉगिन बंद आणि ९,४०० रुपये आत अडकलेले. आता म्हणतात टॅक्स कापूनच देऊ, आणि माहिती कायद्याने ठेवावीच लागते. लोकांना खोटी आशा दाखवू नका." – एक वाचक, नाशिक

नमस्कार. रमीसारख्या पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या ॲपवरचं खातं कसं बंद करायचं, या माझ्या लेखावरची ही प्रतिक्रिया आहे.

तुमचं बरोबर आहे, चूक माझ्या लेखात होती. तिन्ही मागण्या एकाच मेलमध्ये घालायला मी सांगितलं, तिथेच गाडं बिघडलं. खातं बंद झालं की पैसे काढायचं बटणही जातं. माहिती पुसली गेली, तर बँक खातं तुमचंच आहे याचा त्यांच्याकडचा पुरावाही जातो. म्हणून क्रम असा हवा: आधी पैसे, मग कागद, मग खातं बंद आणि सगळ्यात शेवटी माहिती. मूळ लेखातला तो परिच्छेद मी आज बदलला आहे.

टॅक्सबद्दल सविस्तर सांगतो, कारण तिथे बहुतेकांना फसवता येतं. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांसाठी १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १९४बीए आलं. त्यात ३० टक्के कपात आहे, पण ती निव्वळ जिंकलेल्या रकमेवर, शिल्लक रकमेवर नाही. माझ्या मावसभावाचं रमीचं खातं ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केलं, तेव्हाचे आकडे देतो. १ एप्रिलला खात्यात १,५०० रुपये होते. त्यानंतर त्याने २६,००० भरले आणि मधे ७,००० काढले. ॲपवर ११,२५० दिसत होते. त्यातले १,२५० बोनसचे होते, ते काढता येत नाहीत. उरले १०,०००.

आता हिशोब. वर्षात काढलेली एकूण रक्कम ७,००० अधिक १०,०००, म्हणजे १७,०००. त्यातून भरलेले २६,००० आणि वर्षाच्या सुरुवातीचे १,५०० वजा करायचे. उत्तर उणे १०,५०० येतं. म्हणजे जिंकलेलं काहीच नाही, कर शून्य, १०,००० पूर्ण मिळायला हवेत. कंपनीच्या माणसाने चॅटवर "३० टक्के लागतील" असं लिहिलं होतं. आम्ही हेच चार आकडे त्याला पाठवले आणि कलमाचं नाव लिहिलं. पैसे पूर्ण आले.

तुम्हीही तुमचे चार आकडे काढा. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये भरलेले आणि आलेले पैसे मिळतीलच. त्याच वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तुम्ही जिंकला असाल आणि तेव्हा कर कापला गेला असेल, तर नंतर हरलात म्हणून कंपनी तो परत देत नाही. तो आयकर खात्याकडच्या तुमच्या करनोंदीत, म्हणजे २६एएस मध्ये दिसतो आणि रिटर्न भरताना त्याचा हिशोब होतो. म्हणून खातं बंद करण्याआधी व्यवहारांचा पूर्ण उतारा उतरवून घ्यायचा, आणि कर कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६ए मागायचा.

याच टॅक्सच्या नावावर मोठी फसवणूक चालते. "आधी टॅक्स भरा, मग पैसे सोडतो" असं कुणी म्हटलं, तर तो टॅक्स नाही. ही कपात देय रकमेतूनच होते, खिशातून वेगळी भरायला कुणी सांगत नाही. व्हॉट्सॲपवर सट्ट्याचे आयडी देणाऱ्यांकडे किंवा परदेशी सट्ट्याच्या साइटवर अडकलेले पैसे जवळजवळ सुटत नाहीत. तिथे आणखी एक रुपया भरू नका. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.

तुमचं लॉगिन आता बंद आहे, तेव्हा चॅटच्या नादी लागू नका. कंपनीच्या गोपनीयता धोरणाच्या पानावर तळाशी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतं, तिथे लिहा. त्यात नोंदवलेला मोबाइल, काढण्याजोगी शिल्लक, पॅनवरच्या नावाचंच बँक खातं आणि वर सांगितलेला हिशोब द्या. "माहिती पुसण्याची मागणी शिल्लक मिळेपर्यंत थांबवत आहे" हे वाक्य नक्की घाला. २०११ च्या माहिती सुरक्षा नियमांनुसार या अधिकाऱ्याने माहितीसंबंधीची तक्रार महिन्याच्या आत निकाली काढायची असते. पैशांवर दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणाऱ्या ऑगस्ट २०२५ च्या कायद्यामुळे आपल्यावर गुन्हा होईल म्हणून काहीजण लिहायलाच घाबरतात. त्या कायद्यातल्या शिक्षा खेळवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहेत, खेळणाऱ्याला नाहीत.

बँक खात्याचं एक जवळून पाहिलेलं सांगतो. भावाची पैसे काढायची विनंती दोनदा परत आली आणि कारण फक्त "अयशस्वी" एवढंच. शेवटी पासबुक आणि पॅन कार्ड स्वयंपाकघरातल्या ओट्यावर शेजारी ठेवून बघितलं. पॅनवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, पासबुकावर नुसतं नाव आणि आडनाव. कंपनी एक रुपया टाकून नाव जुळवते, ते जुळत नव्हतं. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मेलला जोडला आणि तिसऱ्या वेळी काम झालं. त्या दोन दिवसांत विनंतीशेजारी "रद्द करा" हे बटण दिसत राहिलं, ते दाबलं की पैसे पुन्हा खेळायला मोकळे. रात्री अकराला त्याचा हात तिकडे जाताना मी पाहिलाय. म्हणून विनंती टाकली की फोन घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावा, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

माहितीबद्दल ते जे म्हणतात ते अर्धं खरं आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोबाच्या नोंदी वार्षिक विवरण भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. त्यामुळे तुम्ही कधी किती भरले हे पुसलं जाणार नाही. मात्र या कारणाखाली आधारचा फोटो, सेल्फी, फोनमधले संपर्क, लोकेशन, खेळण्याच्या सवयी आणि जाहिरातीची यादी ठेवता येत नाही. "माझी सगळी माहिती पुसा" म्हटलं की नकार सोपा होतो. त्यापेक्षा या एकेका गोष्टीचं नाव घेऊन मागा, आणि जे ठेवणार ते कोणत्या कायद्याखाली व किती काळ, हे लेखी विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुसून घेण्याचा हक्क आहे. पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो हक्क त्यानंतर दीड वर्षाने लागू होतो. तोवर २०११ च्या नियमांतला, संमती लेखी मागे घेण्याचा अधिकार वापरायचा. मूळ लेखात मी २०२३ च्या कायद्यावर जास्त भर दिला होता, तोही मी दुरुस्त केलाय.

एक नोंद मात्र पुसू देऊ नका. "या मोबाइल आणि पॅनवर पुन्हा खातं उघडू नये" एवढी त्यांच्याकडे राहू द्या. ती गेली तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या ॲपवर तुम्ही नवे ग्राहक ठरता. ॲप फोनमधून काढून टाकल्याने खातं बंद होत नाही. यूपीआय ॲपमधलं ऑटोपे मँडेट आणि साठवलेलं कार्ड वेगळं रद्द करावं लागतं. भावाचं एक मँडेट महिनाभर तसंच राहिलं होतं.

तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर आलं की इथेच लिहा. आकडे जुळत नसतील तर चारही आकडे टाका, नाव-नंबर नको. मी रविवारी बसून हिशोब तपासतो.