कॉलर माइक आणि मागच्या बाकावरचा प्रश्न

«तुमचं वाचून वर्गातला तास रेकॉर्ड करायला कॉलर माइक घेतला. माझा आवाज उत्तम येतो, पण मुलांचे प्रश्न ऐकूच येत नाहीत. नंतर आवाज वाढवला तर नुसती पंख्याची घरघर. अर्धवट सल्ला का देता?»

अर्धवट होता खरा. मी तो फक्त शिकवणाऱ्याच्या आवाजाचा विचार करून लिहिला होता.

तुमच्या हनुवटीपासून माइक साधारण 20 सेंटिमीटरवर असतो, प्रश्न विचारणारी मुलगी चार मीटरवर. म्हणजे वीसपट अंतर. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने पडतो. त्या हिशेबाने ती तुमच्याइतक्याच आवाजात बोलली, तरी माइकपाशी सुमारे 26 डेसिबल कमी पोहोचते. पंखा मात्र होता तेवढाच. रेकॉर्डिंगचा आवाज वाढवलात की दोघंही सारखेच वाढतात, त्यामुळे प्रश्न घरघरीतून वर येतच नाही. महागडा माइक घेऊनही यात फार फरक पडत नाही.

उपाय एकच, दुसरा माइक मुलांजवळ नेणं. एखादा जुना फोन चालतो. सहा रांगा असतील तर तिसऱ्या रांगेत मधोमध ठेवा, थेट पंख्याखाली नको. नुसत्या बाकावर ठेवलात तर पेन आपटल्याचा आवाज हातोड्यासारखा येतो (माझं पहिलं रेकॉर्डिंग यातच वाया गेलं). खाली घडी घातलेला जाड रुमाल घाला, खालच्या कडेचं माइकचं भोक मोकळं राहू द्या आणि फोन विमान मोडवर टाका. तास सुरू होण्याआधी सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातल्या मुलाला नेहमीच्या आवाजात एक वाक्य बोलायला लावून हेडफोनवर ऐका. शब्द कळले नाहीत तर फोन हलवा.

दोन्ही रेकॉर्डिंग चालू झाली की एक टाळी वाजवा. नंतर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये टाळीचे दोन उंच सुळके एकाखाली एक आणायचे. तास मोठा असेल तर शेवटीही एक टाळी वाजवा, कारण दोन फोनची घड्याळं किंचित पुढंमागं सरकतात.

बहुतेक जण फसतात ते यापुढे: दोन्ही आवाज सतत चालू ठेवतात. टाळी जुळवली तरी तुम्ही वर्गात पुढंमागं फिरलात की तुमचा आवाज फोनपर्यंत पोहोचायचा वेळ मीटरमागे जवळजवळ 3 मिलिसेकंदांनी बदलतो, आणि दोन्ही मिसळले की पिंपात तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू येतं. म्हणून मुलांच्या फोनचा आवाज पूर्ण बंद ठेवा, प्रश्नापुरता उघडा. माझ्या एका तासाला अठराव्या मिनिटाला प्रश्न आला, आठ सेकंदांचा. तेवढ्या आठ सेकंदांसाठी तो वर घेतला आणि कॉलर माइक खाली केला. दहा-बारा प्रश्नांना पंधरा-वीस मिनिटं लागतात.

तरी कोपऱ्यात पुटपुटणारा एखादा निसटतोच. तिथे «प्रश्न असा आहे की…» म्हणून तुम्हीच तो मोठ्यानं सांगा. आधीच्या लेखात हे आजच जोडतो.